अटेन्शन यंत्रणा लांब मजकुरातील नेमका शब्द कसा हेरते : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मजकूर वाचणाऱ्या आणि लिहिणाऱ्या ट्रान्सफॉर्मर मॉडेलांच्या अटेन्शन यंत्रणेविषयी वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे सोप्याकडून अवघडाकडे अशा क्रमाने लावले आहेत. बहुतेक उत्तरांत एकच वाक्य उदाहरणादाखल घेतले आहे: ‘आजीने पैठणी पेटीत ठेवली नाही, कारण ती ओली होती.’ आजी, पैठणी आणि पेटी ही तिन्ही नामे स्त्रीलिंगी एकवचनी असल्यामुळे ‘ती’ म्हणजे कोण हे व्याकरणावरून ठरत नाही. ते अर्थावरूनच ठरवावे लागते. वाक्याचा शेवट बदलून ‘कारण ती लहान होती’ असे केले, तर तोच ‘ती’ पैठणीला सोडून पेटीकडे जातो.

१. अटेन्शन म्हणजे नेमके काय?

मॉडेल मजकुराचे प्रथम लहान तुकडे करते आणि त्यांना टोकन म्हणतात. टोकन कधी अख्खा शब्द असते, कधी शब्दाचा भाग. प्रत्येक टोकनसाठी संख्यांची एक लांब यादी, म्हणजे सदिश, ठेवलेला असतो आणि त्या टोकनविषयी मॉडेलला त्या क्षणी जे काही माहीत आहे ते त्या सदिशात असते. ‘ती’ या टोकनचा सुरुवातीचा सदिश कोणत्याही वाक्यात सारखाच असतो. त्यात पैठणीचा मागमूसही नसतो. अटेन्शन ही या सदिशात आजूबाजूच्या टोकनांकडून माहिती आणून मिसळण्याची क्रिया आहे. कोणाकडून किती माहिती घ्यायची, याचे प्रमाण ती त्या-त्या वाक्यापुरते नव्याने काढते. या प्रमाणांना भार म्हणतात आणि एका टोकनने इतरांना वाटलेल्या सर्व भारांची बेरीज नेहमी १ असते. ही बेरजेची अट साधी दिसते, पण पुढील अनेक उत्तरांचे मूळ तिच्यात आहे.

२. अटेन्शनपूर्वी यंत्रे लांब वाक्ये कशी हाताळत होती?

२०१४ च्या सुमारास यंत्रानुवादासाठी वापरली जाणारी न्यूरल मॉडेले मूळ वाक्य एकेक शब्द वाचत जात आणि शेवटी संपूर्ण वाक्याचा अर्थ ठरावीक लांबीच्या एकाच सदिशात साठवून अनुवाद करणाऱ्या भागाकडे सोपवत. वाक्य पाच शब्दांचे असो की पन्नास, सदिश तेवढाच राही, त्यामुळे लांब वाक्यांचे अनुवाद ढासळत. त्याच वर्षी बाहदानाउ, चो आणि बेंजिओ यांनी असा मार्ग सुचवला की अनुवाद करणाऱ्या भागाने प्रत्येक नवा शब्द लिहिताना मूळ वाक्यातील सर्व स्थानांकडे पुन्हा वळून पाहावे आणि त्यांना वेगवेगळे भार द्यावेत.

तरीही मूळ वाक्य एकापाठोपाठ एक वाचण्याची पद्धत तशीच होती. २०१७ मध्ये गूगलमधील आशिष वासवानी आणि त्यांच्या सात सहलेखकांनी ती क्रमवार वाचनाची रचना काढून टाकली आणि वाक्यातील शब्दांचे एकमेकांशी असलेले नाते केवळ अटेन्शनवर सोपवले. त्यांच्या या रचनेलाच ट्रान्सफॉर्मर हे नाव मिळाले.

३. क्वेरी, की आणि व्हॅल्यू असे तीन सदिश कशासाठी? एक पुरला नसता का?

वधूवर सूचक मंडळाच्या अर्जात ‘परिचय’ आणि ‘अपेक्षा’ असे दोन वेगळे रकाने असतात. एखाद्याच्या अपेक्षा दुसऱ्याच्या परिचयाशी जुळल्या, म्हणून उलट दिशेनेही जुळतीलच असे नसते. अटेन्शनमध्ये प्रत्येक टोकनचा क्वेरी हा सदिश म्हणजे त्याच्या अपेक्षा आणि की हा सदिश म्हणजे त्याचा परिचय. ‘ती’ला एक स्त्रीलिंगी नाम हवे आहे, ‘पैठणी’ला मात्र ‘ती’कडून काही हवे असेलच असे नाही. एकच सदिश ठेवला असता, तर दोन टोकनांमधील गुण दोन्ही दिशांनी सारखाच आला असता आणि हा एकतर्फी संबंध मांडता आला नसता.

व्हॅल्यू हा तिसरा सदिश म्हणजे जुळणी झाल्यावर प्रत्यक्षात पुढे जाणारी माहिती. परिचयात जे लिहिले आहे तेच पुढे पाठवले पाहिजे असे बंधन नाही. ‘मी स्त्रीलिंगी एकवचनी नाम आहे’ हे की सांगते. व्हॅल्यू मात्र ‘वस्त्र, ओले होऊ शकते, किमती’ अशी माहिती नेऊ शकते.

हा दृष्टांत एका ठिकाणी तुटतो. मंडळात शेवटी एकाचीच निवड होते. येथे मात्र सर्व स्थळांना होकार जातो, फक्त कमी-अधिक प्रमाणात.

४. हे आकड्यांत एकदा करून दाखवता येईल का?

येईल. खऱ्या मॉडेलांतील सदिश मोठे असतात. २०१७ च्या मूळ मॉडेलच्या लहान आवृत्तीत क्वेरी आणि की यांत प्रत्येकी ६४ संख्या होत्या. येथे आपण चारच संख्या घेऊ. खालील आकडे समजावण्यासाठी मी निवडलेले आहेत, कोणत्याही मॉडेलमधून काढलेले नाहीत. खऱ्या गणनेत ‘ती’ स्वतःकडे आणि उरलेल्या टोकनांकडेही पाहतो; सोयीसाठी येथे चार शब्दच धरले आहेत. शिवाय अटेन्शनची क्रिया मॉडेलमध्ये एकावर एक रचलेल्या अनेक थरांत पुन्हा पुन्हा होते; त्यांपैकी आधीच्या थरांत ‘ती’च्या सदिशात ‘ओली’ची माहिती मिसळून गेली आहे असे मानू. ती कशी मिसळते आणि कधी मिसळू शकत नाही, हे प्रश्न ७ मध्ये पाहा.

‘ती’ची क्वेरी (१, २, ०, १) आहे. ‘पैठणी’ची की (२, २, ०, ०) आहे. दोन्हींच्या समान स्थानांवरील संख्यांचे गुणाकार करून त्यांची बेरीज घ्यायची: १×२ + २×२ + ०×० + १×० = ६. याला डॉट प्रॉडक्ट म्हणतात. याच रीतीने ‘आजीने’ला २, ‘पेटीत’ला ४ आणि ‘ठेवली’ला ० गुण मिळतात. आता प्रत्येक गुणाला सदिशाच्या लांबीच्या वर्गमुळाने भागायचे. लांबी ४, वर्गमूळ २, म्हणून गुण अनुक्रमे १, ३, २ आणि ० होतात.

यानंतर सॉफ्टमॅक्स. प्रत्येक गुण e या स्थिरांकाचा घातांक म्हणून वापरायचा: २.७२, २०.०९, ७.३९ आणि १. यांची बेरीज ३१.१९ येते आणि प्रत्येकाला तिने भागले की भार मिळतात. ‘आजीने’ ०.०९, ‘पैठणी’ ०.६४, ‘पेटीत’ ०.२४ आणि ‘ठेवली’ ०.०३. ज्यांना स्वतः पडताळायचे आहे त्यांच्यासाठी हीच गणना पायथनमध्ये अशी होते:

```python
import numpy as np
q = np.array([1, 2, 0, 1])
K = np.array([[0,1,3,0], [2,2,0,0], [0,1,1,2], [0,0,2,0]])
s = K @ q / np.sqrt(4)
w = np.exp(s) / np.exp(s).sum()
print(w.round(2))   # [0.09 0.64 0.24 0.03]
```

शेवटी चारही शब्दांचे व्हॅल्यू सदिश या प्रमाणात मिसळतात आणि ते मिश्रण ‘ती’च्या आधीच्या सदिशात मिळवले जाते. आधीचा सदिश पुसला जात नाही. त्यात भर पडते. म्हणजे ‘ती’ सर्वनामच राहतो, पण आता त्याला पैठणीचा गडद आणि पेटीचा फिकट रंग चढलेला असतो.

‘ओली’ऐवजी ‘लहान’ घातले, तर ‘ती’च्या सदिशात वेगळी माहिती आलेली असेल आणि म्हणून क्वेरीही बदलेल. ती (०, १, ०, २) झाली असे समजू. चारही की तशाच ठेवून गणना केल्यास ‘आजीने’ला ०.०९, ‘पैठणी’ला ०.१५, ‘पेटीत’ला ०.६९ आणि ‘ठेवली’ला ०.०६ भार मिळतो. खऱ्या मॉडेलमध्ये की सदिशही थोडेफार बदलतील, परंतु दिशा हीच असते.

५. वर्गमुळाने भागण्याची काय गरज? गुण तसेच ठेवले तर?

वरच्या उदाहरणात भागाकार वगळला, तर ‘पैठणी’चा भार ०.६४ वरून ०.८६ वर जातो आणि ‘पेटीत’चा ०.१२ पर्यंत घसरतो. चार संख्यांच्या सदिशातच एवढा फरक पडतो. ६४ संख्यांचे सदिश असले, तर बेरजेत ६४ पदे येतात आणि गुणांमधील चढउतार सर्वसाधारणपणे ६४ च्या वर्गमुळाच्या, म्हणजे ८ च्या पटीत वाढतात. मग सॉफ्टमॅक्स जवळपास सगळा भार एकाच टोकनला देऊन टाकते. अशा टोकाच्या स्थितीत गुण किंचित बदलल्याने भार जवळजवळ हलत नाही आणि प्रशिक्षणाला कोणत्या दिशेने दुरुस्ती करायची याचा संकेत मिळेनासा होतो. भागाकार ही स्थिती प्रशिक्षणाच्या सुरुवातीलाच येऊ नये यासाठी आहे. मॉडेलला पुढे एकाच टोकनवर रोखून पाहावेसे वाटले, तर तसे शिकण्याची मुभा त्याला राहतेच.

६. हे भार मॉडेल प्रशिक्षणात शिकते का?

नाही, आणि हा गोंधळ फार ठिकाणी दिसतो. प्रशिक्षणात शिकल्या जातात त्या टोकनच्या सदिशापासून क्वेरी, की आणि व्हॅल्यू बनवणाऱ्या तीन सारण्या. प्रशिक्षण संपले की त्या गोठतात. प्रश्न ४ मधील ०.६४ किंवा ०.२४ हे भार मात्र कुठेही साठवलेले नसतात. प्रत्येक नव्या वाक्यासाठी ते नव्याने काढले जातात आणि काम झाले की टाकून दिले जातात. इंग्रजीत सारण्यांतील संख्या आणि हे भार या दोन्हींना ‘वेट’ हा एकच शब्द वापरला जात असल्यामुळे अनुवादित लेखांतून हा घोटाळा मराठीतही आला आहे.

‘ती’चा संबंध पैठणीशी आहे असे प्रशिक्षणात कोणी मॉडेलला सांगत नाही. पुढचा किंवा झाकलेला शब्द ओळखण्यात झालेली चूक मोजून सारण्यांतील संख्या थोड्या थोड्या सरकवल्या जातात, एवढेच. सर्वनाम योग्य नामाशी जोडल्याने पुढचा शब्द अधिक बरोबर ओळखता येत असेल, तर ती जोडणी करणाऱ्या संख्या हळूहळू टिकून राहतात.

७. मॉडेल डावीकडून उजवीकडे वाचत असेल, तर ‘ती’ येतो तेव्हा ‘ओली’ आलेलेच नसते. मग जोडणी कशी होते?

हा आलेल्या प्रश्नांतील सर्वांत नेमका प्रश्न आहे. उत्तर मॉडेलच्या प्रकारावर अवलंबून आहे. बर्टसारख्या मॉडेलांत प्रत्येक टोकन दोन्ही बाजूंना पाहू शकते. तेथे पहिल्या काही थरांत ‘ओली’ची माहिती ‘ती’त येते आणि पुढच्या थरात त्या माहितीच्या आधारे ‘ती’ पैठणीकडे वळतो. प्रश्न ४ मधील उदाहरण अशा मॉडेलचे आहे.

जीपीटी घराण्यातील मजकूर लिहिणाऱ्या मॉडेलांत पुढच्या टोकनांचे गुण सॉफ्टमॅक्सपूर्वी ऋण अनंत केले जातात, त्यामुळे त्यांचा भार शून्य होतो. तेथे ‘ती’ हा शब्द कायमचा संदिग्धच राहतो. मागे जाऊन त्याची दुरुस्ती होत नाही. उलगडा पुढच्या टोकनांत होतो. ‘ओली’ आणि ‘होती’ ही टोकने मागे पाहून ‘ती’, ‘पैठणी’ आणि ‘पेटीत’ या सर्वांकडून माहिती घेतात, आणि ‘पैठणी ओली होती’ हा निष्कर्ष ‘ती’च्या जागी न साठता त्यांच्या जागी साठतो. नंतर कोणी ‘काय ओले होते?’ असे विचारले, तर प्रश्नाची टोकने तेथून तो उचलू शकतात.

याचा एक व्यावहारिक परिणाम आहे. अशा मॉडेलला आधी लांब दस्तऐवज आणि शेवटी प्रश्न दिला, तर दस्तऐवजातील टोकनांवर प्रक्रिया होताना पुढे काय विचारले जाणार हे त्यांना ठाऊक नसते. प्रश्न आधी दिला, तर दस्तऐवजातील प्रत्येक टोकन मागे वळून प्रश्नाकडे पाहू शकते. प्रश्न दोन्ही ठिकाणी लिहिण्याची काहींची सवय म्हणूनच अगदी अनाठायी नाही.

८. सगळे शब्द एकदम पाहिले जात असतील, तर शब्दांचा क्रम कसा कळतो?

प्रश्न ४ मधील गणनेत शब्दांच्या जागा कुठेच आल्या नाहीत. शब्दांची अदलाबदल केली तरी तेच गुण आणि तेच भार आले असते. म्हणून स्थानाची माहिती वेगळी घालावी लागते. मूळ ट्रान्सफॉर्मरमध्ये साइन आणि कोसाइन फलांतून काढलेले आकडे सुरुवातीच्या सदिशांत मिळवले जात. २०२१ मध्ये मांडल्या गेलेल्या आणि आज अनेक मॉडेलांत असलेल्या रोप या पद्धतीत क्वेरी आणि की हे सदिश त्यांच्या स्थानानुसार ठरावीक कोनातून फिरवले जातात, त्यामुळे त्यांच्या गुणात दोन टोकनांमधील अंतर आपोआप उतरते.

मराठीत शब्दक्रम सैल आहे, मग स्थानाची गरज कमी असेल का, असेही विचारले जाते. ‘वाघाने माणसाला पाहिले’ आणि ‘माणसाला वाघाने पाहिले’ यांचा अर्थ एकच, कारण कर्ता आणि कर्म प्रत्ययावरून कळतात. परंतु टोकन करताना ‘वाघा’, ‘ने’, ‘माणसा’, ‘ला’ असे तुकडे पडले, तर ‘ने’ हा प्रत्यय वाघाचा की माणसाचा, हे केवळ शेजारावरूनच ठरते. शब्दांचा क्रम सैल असला तरी शब्दाच्या आतला क्रम सैल नाही. त्यामुळे मराठीतही स्थानाची माहिती काढून टाकता येत नाही.

९. एकाच वेळी अनेक ‘हेड’ कशाला लागतात?

हेड म्हणजे क्वेरी, की आणि व्हॅल्यूच्या स्वतःच्या सारण्या असलेली अटेन्शनची एक स्वतंत्र गणना. एका हेडला एका टोकनसाठी भारांचा एकच संच काढता येतो. ‘ठेवली’ या क्रियापदाला कोणी ठेवली, काय ठेवले आणि कुठे ठेवले, ही तीन वेगळी नाती हवी असतात. ती एकाच संचात कोंबली, तर आजी, पैठणी आणि पेटी यांची सरासरी होऊन कोण कोणत्या नात्याने आले हे पुसट होते. म्हणून मूळ मॉडेलमध्ये ५१२ संख्यांच्या सदिशावर प्रत्येकी ६४ संख्यांचे आठ हेड समांतर चालत आणि त्यांची उत्तरे शेजारी शेजारी जोडली जात.

कोणत्या हेडने काय करावे हे कोणी नेमून देत नाही. २०१९ मध्ये केव्हिन क्लार्क आणि सहकाऱ्यांनी बर्टचे हेड तपासले, तेव्हा काही हेड केवळ आधीच्या किंवा पुढच्या टोकनकडे पाहणारे निघाले, काही क्रियापद आणि कर्म जोडणारे, तर एखादे सर्वनामे नामांशी जोडणारे. सगळ्याच हेडना असे नीट नाव देता येत नाही. त्याच वर्षीच्या इतर अभ्यासांत असेही दिसले की प्रशिक्षणानंतर बरेचसे हेड काढून टाकले तरी कामगिरी फारशी घसरत नाही.

१०. मजकूर लांबत गेला की भार सगळ्यांत वाटून पातळ होत नाही का?

होतो. लांब मजकुराची खरी अडचण येथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. भारांची बेरीज १ असल्यामुळे प्रत्येक टोकनला मिळतो तो वाटा असतो. असंबद्ध टोकनचा गुण कितीही कमी असला तरी सॉफ्टमॅक्समध्ये त्याला शून्य मिळत नाही, काहीतरी मिळतेच. असंबद्ध टोकने हजारोंनी असतील, तर त्या किरकोळ वाट्यांची बेरीज मोठी होते.

समजा, एका टोकनचा गुण बाकी सर्वांपेक्षा ५ ने जास्त आहे आणि बाकी सर्वांचे गुण सारखे आहेत. e चा पाचवा घात सुमारे १४८ आहे. म्हणजे हे एक टोकन १४८ जणांच्या तोडीचे आहे. एकूण टोकने १०० असतील, तर त्याचा वाटा १४८ भागिले २४७, म्हणजे सुमारे ६० टक्के होतो. टोकने १०,००० असतील, तर १४८ भागिले १०,१४७, म्हणजे जेमतेम दीड टक्का. जुळणी तेवढीच पक्की राहिली, तरी गर्दीत ती दिसेनाशी झाली.

आता गुणातील अंतर ५ ऐवजी १० करू. e चा दहावा घात सुमारे २२,०२६ आहे आणि १०,००० टोकनांतही वाटा ६९ टक्क्यांवर येतो. अंतर दुप्पट करणे पुरले, शंभरपट करावे लागले नाही. घातांकाचा फायदा तो हाच. मजकुराची लांबी गुणाकाराने वाढते, तेव्हा गुणातील अंतर बेरजेने वाढले तरी भागते. लांबी दहापट झाली, तर वाटा टिकवण्यासाठी अंतर सुमारे २.३ ने वाढावे लागते.

मात्र ते अंतर कुठून तरी यावे लागते आणि ते प्रशिक्षणातूनच येते. केवळ लहान मजकुरांवर शिकलेल्या मॉडेलला एवढे तीक्ष्ण गुण देण्याची गरजच पडलेली नसते. त्याला एकदम लांब मजकूर दिला, तर यंत्रणा तीच असूनही उत्तर सैल पडते. वरच्या गणितात बाकी सगळे टोकन पूर्ण असंबद्ध मानले आहेत, हेही लक्षात घ्यावे. खऱ्या मजकुरात जवळपास जुळणारे प्रतिस्पर्धी असतात. भाडेकराराच्या ऐंशी पानांत ‘अनामत रक्कम’ वीस ठिकाणी असेल, तर त्या वीसांपैकी नेमकी हवी ती ओळखणे हे असंबद्ध पानांपेक्षा कितीतरी मोठे आव्हान असते.

११. लांब मजकुराचा खर्च एवढा का वाढतो?

प्रत्येक टोकन प्रत्येकाकडे पाहते, म्हणून जोड्यांची संख्या लांबीच्या वर्गाने वाढते. १,००० टोकनांसाठी १० लाख जोड्या, तर १ लाख टोकनांसाठी १,००० कोटी, आणि हे प्रत्येक थरात, प्रत्येक हेडसाठी. फक्त मागे पाहणाऱ्या मॉडेलांत हा आकडा निम्मा होतो, पण वाढीचा वेग तोच राहतो.

दुसरा खर्च मेमरीचा. मजकूर लिहिताना जुन्या टोकनांच्या की आणि व्हॅल्यू पुन्हा पुन्हा काढाव्या लागू नयेत म्हणून त्या जपून ठेवतात. लामा २ च्या ७०० कोटी पॅरामीटरच्या मॉडेलमध्ये ३२ थर आहेत आणि प्रत्येक थरात की आणि व्हॅल्यू प्रत्येकी ४,०९६ संख्यांच्या आहेत. प्रत्येक संख्येला दोन बाइट धरले, तर एका टोकनमागे अर्धा मेगाबाइट आणि त्या मॉडेलला एका वेळी हाताळता येणाऱ्या ४,०९६ टोकनांच्या पूर्ण मर्यादेला २ गिगाबाइट लागतात, तेही एकाच संभाषणासाठी.

२०२२ मधील फ्लॅशअटेन्शन ही पद्धत गुणांची पूर्ण सारणी मेमरीत न लिहिता तुकड्या-तुकड्याने तेच उत्तर काढते. तिच्यामुळे वेळ आणि मेमरी वाचते, जोड्या मात्र तेवढ्याच राहतात. जोड्याच कमी करायच्या, तर प्रत्येक टोकनला ठरावीक खिडकीपुरतेच मागे पाहू देतात. तेव्हा खिडकीबाहेरची माहिती थेट मिळत नाही, थरांमागून थर ओलांडत हस्ते-परहस्ते पोचते.

१२. संपूर्ण दस्तऐवज मर्यादेत बसत असूनही मधला भाग का निसटतो?

मर्यादेत बसणे म्हणजे त्या टोकनकडे पाहणे शक्य असणे, एवढाच अर्थ आहे. २०२३ मध्ये नेल्सन लिऊ आणि सहकाऱ्यांनी उत्तर असलेला उतारा दस्तऐवजांच्या गठ्ठ्यात वेगवेगळ्या जागी ठेवून पाहिला. तो सुरुवातीला किंवा शेवटी असताना त्या वेळच्या मॉडेलांची उत्तरे चांगली आली, मध्ये असताना घसरली. आपल्या कामात हे घडते का, हे तपासण्याची रीतही तीच: मजकूर तोच ठेवून हवा तो परिच्छेद सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी हलवावा आणि प्रत्येक वेळी तोच प्रश्न विचारावा. उत्तर जागेनुसार बदलले, तर दोष परिच्छेदाच्या आशयात नसून जागेत आहे. तिन्ही जागी चुकले, तर कारण बहुधा प्रश्न १० मधील जवळच्या प्रतिस्पर्ध्यांत सापडेल.

१३. भारांचा रंगीत नकाशा पाहून मॉडेलने ते उत्तर का दिले हे सांगता येते का?

थेट नाही. भार सांगतो तो व्हॅल्यूचा किती वाटा घेतला. त्या व्हॅल्यू सदिशातील सगळ्या संख्याच जवळपास शून्य असतील, तर मोठ्या भारानेही काहीच हलत नाही. शिवाय प्रश्न ७ मध्ये पाहिल्याप्रमाणे, वरच्या थरांत ‘होती’ या टोकनकडे गेलेला भार प्रत्यक्षात त्यात साठलेल्या पैठणीच्या माहितीसाठी असू शकतो. नकाशावर दिसते ते टोकनचे नाव, त्यात साठलेले सामान नव्हे.

२०१९ मध्ये सार्थक जैन आणि बायरन वॉलेस यांनी दाखवले की भारांचे अगदी वेगळे वाटप करूनही अनेकदा मॉडेलचे उत्तर तेच राहते. त्यांचे प्रयोग प्रामुख्याने ट्रान्सफॉर्मरपूर्व रचनेवर होते आणि त्याच वर्षी त्यांच्या निष्कर्षाला साधार आक्षेपही घेतले गेले. माझ्या मते नकाशा शंका सुचवण्यापुरता वापरावा आणि खात्री हस्तक्षेपाने करावी. ‘ओली’च्या जागी ‘लहान’ घालून उत्तर बदलते का पाहावे, किंवा संशयित हेडचे उत्तर शून्य करून पाहावे. हेड बंद केल्यावरही ‘ती’ पैठणीच निघत असेल, तर नकाशा कितीही बोलका असला तरी काम दुसरीकडे होत होते.

१४. नकाशात पहिल्याच टोकनवर प्रचंड भार दिसतो. तो शब्द खरोखर इतका महत्त्वाचा असतो का?

बहुतेक वेळा नाही. सर्वनामे जोडणाऱ्या हेडला सर्वनाम नसलेल्या जागी काही काम नसते, पण बेरीज १ करण्याचे बंधन तेव्हाही असते. ‘मला काहीच नको’ असे म्हणण्याची सोय सॉफ्टमॅक्समध्ये नाही. मग मॉडेल हा नकोसा भार कुठेतरी निरुपद्रवी जागी टाकायला शिकते. फक्त मागे पाहणाऱ्या मॉडेलांत पहिले टोकन सर्वांना दिसते, म्हणून ते सोयीचे ठरते. बर्टमध्ये वाक्ये वेगळी करणारे खास टोकन याच कामी येते. अशा टोकनच्या व्हॅल्यू सदिशातील संख्या बहुधा लहान असतात, त्यामुळे भार टाकूनही मिश्रण बिघडत नाही.

हे टोकन निरर्थक समजून काढून टाकले की मात्र मॉडेल कोलमडते. मेमरी वाचवण्यासाठी सरकती खिडकी लावून सर्वांत जुनी टोकने गाळल्यावर मॉडेल एकाएकी असंबद्ध लिहू लागते, हे ग्वांगश्वान शिआओ आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये दाखवले. खिडकीसोबत अगदी सुरुवातीची चार टोकने जपून ठेवल्यावर ते पुन्हा ताळ्यावर आले.

१५. मराठी मजकुराला यात काही वेगळा तोटा होतो का?

यंत्रणेत नाही, टोकनांच्या मोजणीत होतो. देवनागरीतील प्रत्येक संकेतचिन्हाला यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट लागतात. ‘पेटीत’ या शब्दात प, एकाराची मात्रा, ट, दीर्घ वेलांटी आणि त अशी पाच चिन्हे, म्हणजे १५ बाइट आहेत. टोकन पाडण्याची पद्धत मुख्यतः इंग्रजी मजकुरावर बेतलेली असेल, तर असा शब्द अनेक तुकड्यांत फुटतो. तोच आशय मराठीत अधिक टोकने घेतो, त्यामुळे मर्यादा लवकर भरते आणि प्रश्न ११ मधील वर्गाने वाढणारा खर्चही लवकर जाणवतो. टोकने दुप्पट झाली, तर जोड्या चौपट होतात. शिवाय सुरुवातीच्या थरांतील अटेन्शनचा काही भाग तुटलेले तुकडे पुन्हा शब्दात जोडण्यातच खर्ची पडतो. मॉडेल निवडताना आपल्या नेहमीच्या मजकुराचे एक पान त्याच्या टोकनायझरमधून काढून शब्दांमागे किती टोकने पडतात हे मोजून पाहावे; दोन मॉडेलांची जाहीर मर्यादा सारखी असली तरी त्यांत मावणारी मराठी पाने बरीच कमी-जास्त निघू शकतात.